ब्लड कल्चरमध्ये त्वचेचेच जंतू वारंवार का उगवतात?

प्रश्न: निपाणीजवळच्या 40 खाटांच्या दवाखान्यात मी स्टाफ नर्स आहे. गेल्या तीन महिन्यांत आम्ही 84 पेशंटचं ब्लड कल्चर बेळगावला पाठवलं, प्रत्येकाची एकच बाटली. त्यातल्या 9 जणांच्या रिपोर्टमध्ये 'कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस, कंटॅमिनेशनची शक्यता, पुन्हा पाठवा' असं आलं. आम्ही स्पिरिटनं नीट पुसतो, ग्लोव्हज घालतो, तरी डॉक्टर आमच्यावरच चिडतात. नेमकं कुठं चुकतंय? आणि बाटलीत रक्त किती घालायचं? पाच मिली काढलं तरी नातेवाईक ओरडतात.

उत्तर:

सिस्टर, 84 मध्ये 9 म्हणजे जवळजवळ 11 टक्के. हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आत असावं असं बरीच वर्षं मानलं जातं आणि पद्धत नीट बसवली तर ते 1 टक्क्यापर्यंतही उतरतं. म्हणजे तुमच्याकडं फार तर दोन-तीन रिपोर्ट असे यायला हवे होते. पण त्याआधी एक गोष्ट. तुमचे ते 9 रिपोर्ट खरोखर कंटॅमिनेशनचेच होते का, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. एकाच जागेवरून घेतलेल्या एकाच बाटलीत हा जंतू उगवला तर तो कातडीवरून आला की रक्तातच होता, हे ओळखायला लॅबकडं काही साधन उरत नाही. म्हणून 'पुन्हा पाठवा' लिहितात. तोवर पेशंटला अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं आणि दुसऱ्या कल्चरचा अर्थही लागत नाही.

मी बेळगावात मायक्रोबायॉलॉजी बघते. बाटल्या आमच्याकडं येतात, पण चूक घडते ती पेशंटच्या उशाशी, म्हणून काही वर्षांपूर्वी मी रात्री वॉर्डात जाऊन उभी राहायला लागले. सीमाभागातल्याच एका दवाखान्यातली एक रात्र सांगते. दवाखान्याचं नाव घेत नाही, सिस्टर तर मनापासून काम करणारी होती. तिच्या हातात मला जे दिसलं तेच थोड्याफार फरकानं सगळीकडं दिसतं.

रात्रीचे साडेअकरा. थंडीतापाचा पेशंट, पन्नाशीचा, डायबेटिस असलेला, ऊसतोडीवरून थेट आणलेला. सिस्टरनं हात धुतले, ग्लोव्हज घातले. टुर्निके बांधला, कोपराच्या खळगीत बोटानं शीर शोधली. स्टीलच्या डब्यातला स्पिरिटचा बोळा काढून गोल गोल तीनदा फिरवला. मी घड्याळ बघत होते, पाच सेकंद झाले. कातडी ओली दिसत होती म्हणून तिनं हलकेच फुंकर मारली. शीर जागेवरच आहे ना म्हणून ग्लोव्हज घातलेल्या बोटानं पुन्हा चाचपली आणि सुई घातली. दहाच्या सिरिंजमध्ये सहा मिली आलं. त्यातलं तीन मिली आधी सीबीसी आणि शुगरच्या ट्यूबमध्ये गेलं. कल्चरच्या बाटलीची प्लॅस्टिकची टोपी अंगठ्यानं उडवली आणि उरलेलं तीन मिली त्याच सुईनं रबरातून आत घातलं. बाटली सकाळपर्यंत औषधांच्या फ्रीजमध्ये.

आमच्या मशीनमध्ये लावल्यापासून 34 तासांनी त्या बाटलीनं सिग्नल दिला. ग्राम स्टेनमध्ये ग्राम पॉझिटिव्ह कॉकाय, द्राक्षाच्या घोसासारखे. हे मी फोनवर कळवलं, कारण ते कळवावंच लागतं, आणि तिकडं व्हॅन्कोमायसिन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी जंतू कोॲग्युलेज निगेटिव्ह निघाला. पेशंटचा ताप तसाच, त्यात क्रिॲटिनिन वाढायला लागलं. चार दिवसांनी व्हॅन्कोमायसिन बंद केलं. त्याला खरोखर काय झालं होतं ते त्या बाटलीनं सांगितलंच नाही आणि पुढच्याही सांगू शकल्या नाहीत.

आता याच प्रसंगातल्या गोष्टी एकेक करून उलगडते.

सुरुवात रक्तापासून करते. कंटॅमिनेशन म्हटलं की सगळे कातडीकडं बघतात, पण मला विचाराल तर अर्धा घोटाळा रक्त कमी पडल्याचा असतो. मोठ्या माणसाला रक्तात जंतुसंसर्ग झाला तरी एका मिलीत जंतू फार थोडे असतात, बऱ्याचदा एकाहूनही कमी. समजा चार मिलीत सरासरी एक जंतू आहे. तीन मिली घेतलं तर जवळजवळ निम्म्या वेळा त्यात एकही जंतू येणार नाही. वीस मिली घेतलं तर रिकामं जाण्याची वेळ शंभरात एकदाही येणार नाही. आता कातडीचे जंतू बघा. ते रक्तात नसतातच. सुई आत जाताना कातडीचा जो कण घेऊन जाते त्यातून ते येतात, मग तुम्ही तीन मिली घ्या की वीस. म्हणजे अर्धी बाटली खरे जंतू गाळून टाकते आणि कातडीचे मात्र तेवढेच ठेवते. रक्त कमी घेत राहिलात तर पॉझिटिव्ह रिपोर्टमध्ये कंटॅमिनेशनच जास्त दिसणार, तुम्ही कितीही घासून पुसलं तरी.

म्हणून मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली. आणि एक बाटली नव्हे, दोन, डाव्या हातातून एक आणि उजव्या हातातून एक. दोन्ही लागोपाठ घेतल्या तरी चालतात, मध्ये अर्धा तास थांबायची किंवा थंडी वाजायची वाट बघायची गरज नसते. तुमच्याकडं एरोबिक आणि अनएरोबिक अशी जोडी वापरत असतील तर प्रत्येक हातातून जोडी घ्या, पण रक्त कमी निघालं तर आधी एरोबिक पूर्ण भरा. आपल्याकडचे बहुतेक जंतू तिथंच उगवतात. टायफॉइडला तर हे फारच लागू पडतं. त्याचे जंतू रक्तात इतके विरळ असतात की नीट घेतलेलं कल्चरसुद्धा साधारण 60 टक्के पेशंटमध्येच ते पकडतं. तीन मिलीत ते किती सापडणार?

दहाच्या वरही जाऊ नका. बाटलीत व्हॅक्यूम असतो, सिरिंज मोकळी सोडली तर तो पंधरा मिलीसुद्धा ओढून घेतो. रक्त जास्त झालं की पांढऱ्या पेशींमुळं तयार होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनं मशीन फसतं आणि जंतू नसताना सिग्नल देतं. सोपा उपाय असा की बाटली सपाट ठेवून द्रवाची पातळी बघायची, लेबलच्या कडेच्या खुणांवरून 10 मिली वर पेननं रेघ मारायची आणि भरताना बाटली उभी धरून त्या रेघेवर नजर ठेवायची. बारकोड झाकू नका. तुमची लॅब मशीन न वापरता हातानं बघायच्या बाटल्या देत असेल तर रक्त आणि द्रवाचं प्रमाण एकास पाच ते एकास दहा यांच्यामध्ये हवं. ते किती मिली होतं, लॅबला विचारून ट्रॉलीवर लिहून ठेवा.

नातेवाईकांचं म्हणाल तर ते मीही ऐकलंय, "एवढं रगत काढूलालाय, माणूस अगोदरच अशक्त हाय." मी त्यांना सांगते, दोन्ही हातांचं मिळून चार चहाचे चमचे. रक्तदानाला एका वेळी 350 मिली घेतात. आणि हे सुई घालायच्या आधी सांगायचं. सिरिंज भरत असताना सांगितलं तर ती सारवासारव वाटते. गोकाक-अथणीकडचा पेशंट असेल तर "कै अल्लाडिसबेडी" एवढं तरी यायला हवं. पेशंटनं हात हलवला की तुमचं बोट आपोआप कातडीवर जातं.

लहान मुलांचं गणित वेगळं. तिथं वजन बघायचं, मुलांची वेगळी बाटली वापरायची आणि तिच्यावर लिहिलंय तेवढंच घ्यायचं, साधारण 1 ते 3 मिली. मोठ्यांच्या बाटलीत एक मिली घालून पाठवू नका.

आता कातडी. तुम्ही 'स्पिरिटनं नीट पुसतो' लिहिलंय. तो स्टीलचा डबा मला बघायचाय. सकाळी कापसाचे बोळे करून त्यात स्पिरिट ओततात, दिवसभर झाकण उघडझाक होतं, संध्याकाळी वरून आणखी ओततात. स्पिरिट उडून जातं, प्रमाण 70 टक्क्यांच्या खाली येतं, दहा जणांची बोटं आत जातात. शिवाय स्पिरिटनं बॅसिलस जातीच्या जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. माती, धूळ, कापूस, सगळीकडं ते असतात. एखाद्या वॉर्डातून लागोपाठ तीन-चार बाटल्यांत बॅसिलस उगवला की मी पेशंटच्या आधी तो डबा तपासायला सांगते. अँटिसेप्टिकच्या मोठ्या कॅनमधून लहान बाटल्या पुनःपुन्हा भरण्याचंही तेच. बर्कहोल्डेरिया सेपेशियासारखे जंतू अँटिसेप्टिकमध्येच तग धरून राहतात आणि मग वॉर्डातल्या चार-सहा जणांना एकाच वेळी सेप्टिसेमिया झाल्याचा भास होतो.

तेव्हा कल्चरसाठी तो डबा बंद. त्याऐवजी सीलबंद अल्कोहोल स्वॅब, आणि ऑटोक्लेव्ह केलेल्या गॉजवर त्याच वेळी ओतलेलं 2 टक्के क्लोरहेक्सिडिन, तेही 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमधलं. इथं लेबलाचा एक घोटाळा सांगते, कारण तो मी तीन ठिकाणी पाहिलाय. हात चोळायच्या हँडरबवर 'क्लोरहेक्सिडिन ग्लुकोनेट सोल्युशन 2.5 टक्के' असं लिहिलेलं असतं. सिस्टर म्हणतात, दोनापेक्षा अडीच जास्तच की. पण ते मूळ सोल्युशन 20 टक्क्यांचं असतं. त्याचे अडीच टक्के म्हणजे प्रत्यक्षात क्लोरहेक्सिडिन अर्धा टक्का. त्याच लेबलवर खाली बारीक अक्षरात 0.5 टक्के लिहिलेलं सापडेल. ते हातांसाठी ठीक आहे, कल्चरच्या जागेसाठी नाही.

लावायचं कसं? ऊसतोडीचा, तंबाखूच्या वखारीतला किंवा खानापूरकडच्या भातशेतीतला माणूस असेल तर कोपराच्या खळगीत माती आणि घाम बसलेला असतो. त्यावर कुठलंही अँटिसेप्टिक लावलं तर ते मळावरच काम करतं. आधी साबण-पाण्यानं पुसून कोरडं करा. मग क्लोरहेक्सिडिनचा गॉज पुढं-मागं, आडवा-उभा, दाबून 30 सेकंद घासा. हळुवार फिरवणं नव्हे, घासणं, कारण जंतू कातडीच्या वरच्या थरांच्या फटींत आणि केसांच्या मुळाशीही असतात. नंतर 30 सेकंद आपोआप वाळू द्या. फुंकर नाही, कापसानं टिपणं नाही, हातानं वारा घालणं नाही. वाळण्याचा तो वेळ हीच औषधाची काम करायची वेळ असते. क्लोरहेक्सिडिन नसेल आणि पोव्हिडोन आयोडीनच असेल तर तेही चालतं, मात्र ते संथ आहे. लावल्यावर दीड ते दोन मिनिटं थांबावंच लागतं. रात्री कॅज्युअल्टीत कुणी दोन मिनिटं थांबत नाही, म्हणून तर मी क्लोरहेक्सिडिनचा आग्रह धरते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला, विशेषतः कमी दिवसांच्या, हे क्लोरहेक्सिडिन लावू नका. त्याची कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. त्याच्यासाठी काय वापरायचं ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी ठरवलेलं असावं.

आणि बोट. पुसून झाल्यावर शीर पुन्हा चाचपणं ही मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक. ग्लोव्हज घातलेत म्हणून बोट स्वच्छ आहे असं मनात बसलेलं असतं. पण डब्यातून काढलेले साधे ग्लोव्हज तुमचं रक्तापासून रक्षण करतात, ते निर्जंतुक नसतात. त्याच ग्लोव्हजनं तुम्ही टुर्निके बांधलात, खाटेचा दांडा धरलात. म्हणून क्रम बदला. टुर्निके बांधून शीर आधी शोधा, तिची दिशा डोक्यात ठेवा, पुसायच्या जागेच्या बाहेर नखानं किंवा पेनच्या टोपणानं हलकीशी खूण दाबा. टुर्निके सोडा, कातडी घासा, वाळू द्या, मग परत बांधून थेट सुई. शीर इतकी खोल असेल की बोट लावल्याशिवाय जमणारच नाही, तर तेवढ्यापुरते निर्जंतुक ग्लोव्हज घ्या. चुकून बोट लागलंच तर पुन्हा घासायचं, पुन्हा 30 सेकंद. अनेक ठिकाणी ग्लोव्हच टुर्निके म्हणून बांधतात. त्याची बोटं पुसलेल्या जागेवर लोंबतात. गाठ वरच्या बाजूला, लोंबणारं टोक खांद्याकडं.

बाटलीची टोपी उडवल्यावर खालचं रबर निर्जंतुक असतं असं त्या रात्री त्या सिस्टरनंही मला सांगितलं. तसं नसतं. टोपी फक्त धूळ अडवते. प्रत्येक बाटलीचं रबर नव्या अल्कोहोल स्वॅबनं घासून वाळू द्यायचं. रबरावर आयोडीन वापरू नका, रबर खराब होतं. मी हे काम सगळ्यात आधी करायला सांगते. बाटल्यांची रबरं पुसून स्वॅब तसाच वर ठेवून द्यायचा आणि मग पेशंटकडं वळायचं. तुम्ही कातडी घासेपर्यंत ती वाळलेली असतात.

रक्त नव्यानं टोचून घ्या. लावलेल्या इंट्राकॅथमधून किंवा सलाईनच्या लाइनमधून नको. तिथं कातडीचे जंतू घर करून बसतात. नवीन इंट्राकॅथ घालतानाच रक्त काढून एक टोचणी वाचवायचा मोह रात्री सगळ्यांना होतो, मला कळतं, पण त्यातही कंटॅमिनेशन वाढतं. एकच अपवाद. सेंट्रल लाइन किंवा डायलिसिसचा कॅथेटरच संसर्गाचं मूळ असावा असा संशय असेल तर त्यातून एक आणि दुसऱ्या हातातून एक अशा बाटल्या एकाच वेळी, सारख्याच मिलीच्या घ्यायच्या आणि कोणती कुठली ते लिहायचं. कॅथेटरची बाटली निदान दोन तास आधी पॉझिटिव्ह आली तर मूळ तिथंच.

सिरिंज भरल्यावर पहिला मान कल्चरच्या बाटलीचा, नंतर सीबीसी वगैरे. ट्यूबचं तोंड निर्जंतुक नसतं, सुई तिथं टेकून मग बाटलीत जाऊ नये. बाटलीत घालायच्या आधी सुई बदलायची जुनी पद्धत आहे. ती करू नका, फायदा झालाच तर थोडासा आणि बोटाला टोचायचा धोका मोठा. बाटली हातात धरण्याऐवजी ट्रेमध्ये उभी ठेवून एका हातानं टोचलं तर आणखी बरं. अनएरोबिक बाटली असेल आणि सिरिंजनं भरत असाल तर तिला आधी द्या, म्हणजे सिरिंजच्या शेवटी राहिलेली हवा तिच्यात जात नाही. बटरफ्लायनं थेट भरत असाल तर उलट, एरोबिक आधी, कारण नळीतली हवा पहिल्या बाटलीत जाते.

पहिलं एक-दोन मिली रक्त वेगळं काढण्याबद्दलही तुमच्या कानावर आलं असेल. कातडीचा कण त्या पहिल्या रक्तात येतो, ते बाजूला काढलं तर कंटॅमिनेशन खरंच घटतं, आणि त्यासाठी वेगळी उपकरणंही निघाली आहेत. बटरफ्लायला आधी दोनची निर्जंतुक सिरिंज लावून आणि मग वीसची लावून हे साधता येतं. पण सिरिंज बदलताना नळीचं तोंड उघडतं आणि सराव नसेल तर तिथूनच जंतू जातात. तेव्हा डबा, 30 सेकंद, बोट आणि रबर या चार गोष्टी सुधारून तीन महिने झाले, तरी आकडा हलला नाही, तर याकडं वळा.

भरलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवू नये, काही नाजूक जंतू थंडीनं मरतात. ऊबदार कपाटात किंवा इनक्युबेटरमध्येही नको. तिथं वाढ आधीच होऊन गेली तर मशीनला वाढीचा चढ दिसत नाही आणि ती बाटली निगेटिव्ह ठरू शकते. खोलीच्या तापमानाला, उन्हाबाहेर ठेवा आणि दोन तासांत पोचवायचा प्रयत्न करा. निपाणीहून ते अवघड आहे हे मला माहीत आहे. म्हणून रात्रीची बाटली सकाळच्या पहिल्या गाडीनं पाठवा, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू देऊ नका आणि लेबलवर घेतल्याची वेळ ठळक लिहा. ती वेळ बघून आम्ही त्या बाटलीकडं वेगळं लक्ष देतो. अँटिबायोटिकच्या आधी कल्चर घ्यायचं हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण पेशंटचं बीपी पडलेलं असेल तर कल्चरसाठी डोस अडवू नका. दोन्ही हातांचं रक्त पाच-सात मिनिटांत होतं.

आता दोन बाटल्यांमुळं काय साधतं ते बघा. तुमच्या त्या 9 जणांपैकी एकाच्या दोन्ही हातांतून बाटल्या आल्या असत्या, आणि डाव्या हाताची 34 तासांनी कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफनं पॉझिटिव्ह, उजव्या हाताची पाच दिवस निगेटिव्ह, तर मी फोनवरच डॉक्टरांना सांगितलं असतं की हे बहुधा कातडीचं आहे, पेशंटकडं बघून ठरवा, व्हॅन्कोमायसिनची घाई नको. उलट दोन्ही बाटल्या 14-15 तासांत त्याच जंतूनं पॉझिटिव्ह आल्या आणि पेशंटला डायलिसिसचा कॅथेटर किंवा कृत्रिम व्हॉल्व्ह असेल, तर तोच 'कातडीचा' जंतू खरा गुन्हेगार असतो. तास हा फक्त अंदाज आहे. खरे जंतू बहुतेक 24 तासांच्या आत उगवतात आणि कातडीचे बऱ्याचदा त्यानंतर, पण फ्रीजमध्ये पडून राहिलेल्या किंवा उशिरा पोचलेल्या बाटलीला हा हिशेब लागू होत नाही.

काही जंतू मात्र एकाच बाटलीत आले तरी कंटॅमिनेशन म्हणून सोडायचे नसतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय, क्लेबसिएला, साल्मोनेला, कँडिडा. आणि आपल्या भागासाठी आणखी एक. चिखलात काम करणारा, डायबेटिस असलेला पेशंट, पावसाळा, आणि रिपोर्टमध्ये नुसतं 'स्यूडोमोनास जातीचा जंतू, कंटॅमिनेशन असावं' असं आलं, तर लॅबला पुन्हा विचारा. मेलिऑइडोसिसचा बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय अशाच नावाखाली निसटतो आणि किनारी कर्नाटकात तो आजार चांगला माहीत आहे. तसंच घरी गाई-म्हशी-शेळ्या असतील, जनावराचा गाभ पडलेला असेल, कच्चं दूध पिण्यात असेल, तर फॉर्मवर 'ब्रुसेला?' असं लिहा. तो हळू उगवतो, म्हणून बाटली जास्त दिवस ठेवावी लागते आणि प्लेट उघड्या टेबलावर हाताळणाऱ्या टेक्निशियनला त्याची लागण होऊ शकते.

रक्त खरंच किती जातंय हे मोजायचं असेल तर एक छोटा काटा पुरतो, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. टोपी काढून रिकामी बाटली तोला, भरल्यावर टोपीशिवायच पुन्हा तोला. 10 मिली रक्ताचं वजन साधारण 10.6 ग्रॅम भरतं. फरक 3 ग्रॅमच आला तर बाटलीत तीन मिलीही नाही. वीस बाटल्यांचं असं करून बघा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा. तुम्ही पाच मिली घालतो म्हणता, काट्यावर त्याहून कमी निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

कंटॅमिनेशनचा हिशेबही तुम्हीच ठेवा. एका हातातून एकदा घेतलेलं रक्त म्हणजे एक नोंद, मग बाटली एक असो की जोडी. तुमचे 84 पेशंट म्हणजे पुढच्या तीन महिन्यांत 168 नोंदी, त्यात 5 पर्यंत कंटॅमिनेशन आलं तर तुम्ही 3 टक्क्यांच्या आत आहात. महिन्याचा आकडा बघून घाबरू नका, 30 मध्ये एक आला तरी तो 3 टक्क्यांच्या वर दिसतो. प्रत्येक नोंदीसमोर तारीख, वेळ, वॉर्ड की कॅज्युअल्टी, कोणता हात, किती मिली, काय लावलं एवढं लिहा. सिस्टरचं नाव त्या कागदावर नको. नाव आलं की लोक अवघड पेशंटचं कल्चर दुसऱ्यावर ढकलतात. तीन महिन्यांनी नोंदी वेळेप्रमाणं लावून बघा. कंटॅमिनेशन रात्री दहानंतर कॅज्युअल्टीत जमा झालेलं दिसलं तर बहुतेक तिथल्या ट्रॉलीवर सामान नसतं. दोन बाटल्या, दोन वीसच्या सिरिंज, सीलबंद स्वॅब, गॉजचं पाकीट, क्लोरहेक्सिडिनची लहान बाटली आणि पेन, एवढं एका पिशवीत भरून अशा दोन पिशव्या रात्रपाळीच्या हवाली करा आणि तो स्टीलचा डबा कल्चरच्या ट्रॉलीवरून आजच उचला.